तीन शिफ्ट, एक काउंटर आणि सोमवारची दुपार

आमचं हॉटेल महापे एमआयडीसीला लागून आहे. साठ खोल्या. सोमवार ते गुरुवार कंपन्यांची माणसं, शनिवार-रविवार लग्नाची वऱ्हाडं. त्यामुळे आठवड्यातला सगळ्यात अवघड दिवस सोमवार, कारण वऱ्हाड निघतं त्याच दिवशी कंपन्यांचे पाहुणे येतात. चेक-आउटची वेळ बाराची, चेक-इनची दोनची. कागदावर मध्ये दोन तास मोकळे दिसतात. काउंटरवर उभं राहिलं की ते दोन तास कुठेच सापडत नाहीत.

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ये-जा करते. फ्रंट ऑफिसमधली दोन मुलं लागोपाठ नोकरी सोडून गेली आणि नवी भरती होईपर्यंत सकाळ, दुपार, रात्र या तिन्ही शिफ्टमध्ये मी आळीपाळीने उभी राहिले. रोस्टर लावायचं कामही माझ्याकडेच आलं. तोवर मला वाटायचं की दुपारी गर्दी होते म्हणजे काउंटरवर माणसं कमी पडतात. तिन्ही शिफ्ट केल्यावर कळलं, की दुपारी कमी पडतात त्या तयार खोल्या. आणि त्या खोल्या तयार होतात की नाही, हे आदल्या रात्रीच बरंचसं ठरलेलं असतं.

एका सोमवारचा हिशेब मांडते, म्हणजे लक्षात येईल. रविवारी रात्री 46 खोल्या भरलेल्या होत्या. उरलेल्या 14 पैकी दोन एसीच्या कामामुळे बंद, म्हणजे हातात 12 तयार खोल्या. सोमवारी 32 खोल्या सुटणार होत्या, त्यातल्या 24 साताऱ्याच्या एका वऱ्हाडाच्या. येणारी बुकिंग 30. म्हणजे सुटणाऱ्यांपैकी 18 खोल्या साफ होऊन हातात आल्या तरच सगळे बसणार. हाऊसकीपिंगला सकाळी पाच रूमबॉय होते. पाहुणा राहतो आहे ती खोली लवकर उरकते, पण सुटलेल्या खोलीला चादरी, टॉवेल, बाथरूम, लादी सगळं धरून एका माणसाला चाळीसेक मिनिटं लागतात. पाच जण मिळून तासाला सात खोल्या, तेही लिफ्ट आणि लिनन वेळेवर मिळालं तर. सगळं वऱ्हाड बारा वाजता एकदम उतरलं असतं, तर अठरावी खोली तीनच्या आसपास मिळाली असती. तोपर्यंत लॉबीत बॅगा घेऊन बसलेली माणसं, आणि त्यातच तीन वाजता आमची शिफ्ट बदलायची.

म्हणून रविवारी रात्री दहाला मी नवऱ्या मुलाच्या मामांना गाठलं. रिसेप्शन आटोपून ते लॉबीत टेकले होते. त्यांना म्हटलं, "काका, उद्या कोणत्या खोलीतलं कोण किती वाजता निघणार, एवढं सांगा. बिल मी रात्रीच तयार करते." ते म्हणाले, "ताई, संध्याकाळी घरी सत्यनारायण आहे, त्यामुळे बरेचसे नाष्टा करून लगेच सुटतील. म्हातारी माणसं तेवढी बारापर्यंत थांबू द्या." आम्ही दोघांनी यादी घेऊन खोलीनिहाय वेळा लिहिल्या. दहा खोल्या साडेआठला, नऊ साडेदहापर्यंत, पाच बाराला.

त्याच वेळी बिलाचंही ठरवून घेतलं. खोल्यांचं भाडं आणि नाष्टा मामांच्या नावावर, लाँड्री आणि रूम सर्व्हिस ज्याची त्याने द्यायची. हे आधी ठरलं नाही की सकाळी काउंटरवर एकेका खोलीचं बिल फोडत बसावं लागतं. "ही कॉफी आम्ही मागवलीच नव्हती" यावर दहा मिनिटं जातात आणि मागे रांग वाढत राहते. रात्री बारापर्यंतची रूम सर्व्हिसची बिलं चढवून मी प्रत्येक खोलीचा वेगळा हिशेब छापला आणि ज्यांच्याकडे देणं निघत होतं त्यांच्या दाराखालून सरकवला. सकाळी त्यातले बहुतेक जण यूपीआय करायला मोबाइल हातात घेऊनच खाली आले.

रात्रीच्या शिफ्टचं मुख्य काम म्हणजे नाईट ऑडिट. दिवसाचं भाडं चढवायचं, कार्ड मशीनचा बॅच बंद करायचा, कॅश जुळवायची आणि सॉफ्टवेअरमधली तारीख पुढे ढकलायची. यात एक जागा फार सांभाळायची असते. विमान उशिरा असलेला पाहुणा रात्री अडीचला पोचतो, पण त्याचं बुकिंग आदल्या तारखेचं असतं. ऑडिट उरकायच्या घाईत त्याला नो-शो, म्हणजे आलाच नाही, असं केलं तर त्याची खोली मोकळी दिसू लागते आणि सकाळची शिफ्ट ती दुसऱ्याला देऊन टाकते. म्हणून मी ऑडिटच्या आधी न आलेल्या प्रत्येक बुकिंगला फोन लावते. फोन लागला नाही आणि पैसे आधी भरलेले असतील, तर ती खोली धरून ठेवते आणि लॉगबुकमध्ये तसं लिहिते.

ऑडिट संपल्यावर पहाटे मी दोन याद्या काढते. एक सुटणाऱ्या खोल्यांची, वेळेच्या क्रमाने. दुसरी येणाऱ्यांची, तीही वेळेच्या क्रमाने. नावाच्या किंवा खोली क्रमांकाच्या क्रमाने काढलेल्या यादीचा दुपारी काही उपयोग होत नाही. त्या सोमवारी पुण्याहून प्रशिक्षणासाठी बसने सोळा जण साडेबाराला येणार होते, दोघांत एक अशा आठ खोल्या. चार जण सकाळच्या विमानाने दिल्लीहून येत होते. उरलेल्या 18 खोल्यांचे पाहुणे दोन ते सहाच्या दरम्यान. मग त्या 12 तयार खोल्यांपैकी आठ मी बससाठी पहाटेच अडवल्या, चार दिल्लीवाल्यांना. असं नावासकट अडवून ठेवलं नाही, तर सकाळी नऊला कुणी गोड बोलून खोली मागतो, समोरचा मुलगा देतो, आणि बस दारात उभी राहते तेव्हा दोनच खोल्या शिल्लक असतात.

सुटणाऱ्यांची यादी सकाळी सातला हाऊसकीपिंगच्या सुपरवायझर ताईंच्या हातात दिली. ही देवाणघेवाण आमच्याकडे आधी होतच नव्हती. रूमबॉय मजल्यामागून मजला घेत जायचे, मग मधल्या राहत्या खोल्याही त्यात उरकल्या जायच्या. आता सुटलेल्या खोल्या आधी आणि राहत्या खोल्या तीननंतर. राहता पाहुणा तसाही दिवसभर ऑफिसात असतो.

सकाळ ठीक चालली होती. साडेआठची तुकडी गेली, किल्ल्या काउंटरवर जमा झाल्या. तेवढ्यात ताईंचा वरून फोन आला, "307 सुटली म्हणताय, पण आत तीन बॅगा आणि देवाचा फोटो आहे." झालं असं होतं, की एका भाच्याने उत्साहाने तीन खोल्यांच्या किल्ल्या एकत्र आणून दिल्या होत्या आणि 307 मधले आजी-आजोबा नाष्ट्याला बसले होते. ताई आत डोकावल्या म्हणून कळलं. किल्ली हातात आली म्हणजे खोली रिकामी झाली असं नसतं. आमच्याकडे आता नियमच आहे, की रूमबॉयने दार उघडून कपाट, बाथरूम, तिजोरी बघून फोन केल्याशिवाय सॉफ्टवेअरमध्ये चेक-आउट दाबायचं नाही. तसंच दुसऱ्या टोकालाही. 'साफ' झालेली खोली द्यायची नाही, ताईंनी 'तपासली' म्हटल्यावरच द्यायची. या दोन शब्दांमध्ये पाच मिनिटांचं अंतर असतं आणि गर्दीत तीच पाच मिनिटं खाण्याचा मोह होतो. मग पाहुणा वर जातो, बाथरूममध्ये टॉवेल नसतो, आणि तो परत खाली येऊन रांगेत पुढे उभा राहतो. एक चेक-इन दोनदा करावं लागतं.

सकाळच्या दोन माणसांपैकी एकाने फक्त जाणारे घ्यायचे आणि दुसऱ्याने फक्त येणारे, असंही आम्ही ठरवलं. येणाऱ्यांकडून खोली तयार नसली तरी आल्या आल्या आधारची किंवा पासपोर्टची प्रत, सही आणि आगाऊ रक्कम घेऊन ठेवायची, बॅगा टॅग लावून आत. कंपनीचा जीएसटी क्रमांकही तेव्हाच विचारायचा, कारण बिल निघाल्यावर तो घालायचा तर खूप खटाटोप असतो. खोली तयार झाली की त्याला फक्त किल्ली द्यायची उरते.

राहता राहिली शिफ्टची वेळ. सकाळची सात ते साडेतीन, दुपारची तीन ते साडेअकरा, रात्रीची अकरा ते साडेसात. म्हणजे दुपारी कॅश मोजायची आणि हँडओव्हर द्यायचा तो नेमका चेक-इनचा कळस असताना. मॅनेजर सरांना मी सॉफ्टवेअरमधली महिनाभराची तासवार नोंद काढून दाखवली. अकरा ते चारमध्ये काउंटरवर तिघं हवीत, आणि संध्याकाळी आठनंतर एक पुरतो. माणूस न वाढवता दुपारच्या दोघांपैकी एकाची शिफ्ट बारा ते साडेआठ केली. त्याचा कॅशचा खण वेगळा, लॉगिन वेगळं. तो आला की सकाळची एक मुलगी दीड वाजता आपला खण बंद करून मागे बसून मोजते, नंतर पैसे घेतच नाही, फक्त किल्ल्या आणि फोन सांभाळते. दुसरी त्याच्याबरोबर साडेतीनपर्यंत उभी राहते. हँडओव्हर एकाच वेळी सगळ्यांचा होत नाही, त्यामुळे काउंटर कधी रिकामा पडत नाही.

त्या सोमवारी दीड वाजेपर्यंत अठराही खोल्या तपासून हातात आल्या होत्या. बसमधली सोळा माणसं वीसेक मिनिटांत वर गेली.

याने सगळं सुटलं असं मात्र नाही. रविवारी मेगाब्लॉक असला की बाराच्या शिफ्टवाला अडकतो, त्याला साडेदहाची गाडी धरायला सांगावं लागतं आणि तो तास त्याच्या सुट्टीतून जातो, हे मला पटत नाही. आणि पहाटे पाचला येणाऱ्यांचा प्रश्न तसाच आहे. हॉटेल भरलेलं असेल तर त्यांना द्यायला खोलीच नसते, कितीही नीट याद्या काढल्या तरी. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत आणि विमानाने येणारे पाहुणे आता जास्त विचारणा करतात. त्यांना बुकिंगच्या वेळीच सांगतो, की पहाटे खोली हवी असेल तर आदल्या रात्रीचं भाडं भरा, नाहीतर बॅगा ठेवून अंघोळीची सोय होईल, खोली दुपारी. काही जण नाराज होतात, पण लॉबीत उभं राहून हे ऐकण्यापेक्षा फोनवर ऐकलेलं त्यांनाही परवडतं.