2A कोणाचा?

'स्कायरिम'मधल्या एका गुहेत पाऊल टाकताच गेम बंद पडू लागला, तेव्हा त्या गुहेत नवे पहारेकरी आणणाऱ्या मॉडच्या कर्त्याला मी निरोप लिहिला. 'तुमच्या मॉडमुळे माझा गेम क्रॅश होतो' असे पहिलेच वाक्य होते. आवृत्तीपुढे 'लेटेस्ट' असे लिहिले होते आणि लांबलचक क्रॅश लॉग कोण वाचणार, या काळजीने त्याच्या फक्त वरच्या काही ओळी जोडल्या होत्या. त्यांतली एक ओळ मला फारच बोलकी वाटली होती:

```
FormID: 0x2A0012C4
```

उत्तर सौम्य होते. "गेमची आवृत्ती आकड्यांत कळवाल का? आणि लोड ऑर्डरशिवाय हा 2A कोणाचा, हे मी कसे ओळखावे?"

आवृत्तीचे काम सोपे निघाले. `SkyrimSE.exe` या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 1.6.1170 असे स्वच्छ लिहिलेले होते. 'लेटेस्ट' हा शब्द पुढच्या अपडेटला खोटा ठरतो, हे लिहिताना सुचले नव्हते, एवढेच.

2A ने मात्र संध्याकाळ घेतली. गेममधल्या प्रत्येक वस्तूचा आणि पात्राचा क्रमांक आठ अंकांचा असतो, आणि त्यातले पहिले दोन अंक म्हणजे ती ज्या प्लगइनमधून, म्हणजे गेमच्या किंवा मॉडच्या फाइलमधून, आली त्याची लोड ऑर्डरमधली, म्हणजे प्लगइन चढवण्याच्या रांगेतली, जागा. ही मोजणी सोळाच्या पायावर आणि शून्यापासून होत असल्यामुळे 2A म्हणजे त्रेचाळिसावा प्लगइन. (हलके प्लगइन या रांगेत बसत नाहीत, ते सगळे FE या एकाच क्रमांकाखाली दाटीवाटीने राहतात.) माझ्याकडचा त्रेचाळिसावा दुसऱ्याकडे सतरावा असू शकतो. ही यादी लॉगच्या शेवटी छापलेली असते, आणि नेमका तोच भाग मी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी कापून टाकला होता.

यादी उघडली, तर 2A त्याच मॉडचा निघाला. मला क्षणभर विजयी वाटले, हे कबूल केले पाहिजे. पण क्रमांकावरून पात्राचा जन्म कोठे झाला एवढेच कळते; त्यात शेवटचा बदल कोणी केला, हे कळत नाही. एकाच नोंदीला अनेक प्लगइन हात लावतात आणि रांगेत सर्वांत मागे असलेल्याचे म्हणणे चालते. प्लगइनमधल्या नोंदी दाखवणाऱ्या `SSEEdit`मध्ये तो पहारेकरी उघडला, तेव्हा सर्वांत उजव्या रकान्यात मी केव्हातरी टाकून विसरलेला एक तिऱ्हाईत पॅच होता. मॉडच्या नव्या आवृत्तीतून काढून टाकलेला पोशाख तो अजूनही पहारेकऱ्याच्या अंगावर चढवू पाहत होता, आणि त्या जागी `Could not be resolved` अशी चूक दिसत होती.

जुन्या सेव्हमध्ये आधीच्या मॉडचे अवशेष राहतात, म्हणून पॅच बंद करून मी नवा खेळ सुरू केला आणि त्या गुहेत तीनदा जाऊन आलो. मग दुसरा निरोप लिहिला: आवृत्ती, पूर्ण लोड ऑर्डर, अखंड लॉग, पॅचचे नाव आणि ही चाचणी. "पॅच जुना असल्याची सूचना वर्णनात टाकतो," असे उत्तर आले. माझ्या पहिल्या निरोपातल्या 'तुमच्या मॉडमुळे' या शब्दांबद्दल त्यांनी काहीच म्हटले नाही.