सुळे सोडा, शेवटची दाढ दाखवा

"उसात ही कवटी सापडली. सुळे बघा केवढे आहेत. बिबट्याची तर नाही ना?"

बहुतेक वेळा नसते, कुत्र्याची असते. पण ते सुळ्यांवरून ठरत नाही. कवटी वाळली की सुळा खोबणीत सैल होतो आणि अर्धा खाली सरकतो. मग आतलं मूळही बाहेर दिसतं आणि गावठी कुत्र्याचा सुळासुद्धा फोटोत वाघाचा वाटायला लागतो. लांबीही फसवते. बिबट्याच्या लहानखुऱ्या मादीची आणि दांडग्या कुत्र्याची कवटी मोजपट्टीवर जवळपास सारखी भरू शकते.

बघायचं ते टाळूकडून. कवटी काडीने उलटी करा, म्हणजे वरचा जबडा आभाळाकडे होईल. सुळ्यापासून मागे जाताना एक दाढ बाकी सगळ्यांपेक्षा मोठी, लांबट आणि धारदार दिसेल. मांस कातरायची दाढ ती. प्रश्न एवढाच की तिच्या मागे काय आहे. कुत्रा, कोल्हा, लांडगा, खोकड यांच्यात तिच्यामागे आणखी दोन रुंद, चपट्या, चावायच्या दाढा असतात. मांजरकुळात, म्हणजे घरच्या मांजरापासून बिबट्यापर्यंत, तिथे जवळजवळ काहीच नसतं. आतल्या बाजूला आडवा बसलेला एक बारीकसा दात असतो, तोही पुष्कळदा गळून गेलेला.

खालचा जबडा सापडला तर काम आणखी सोपं. सुळ्यामागे एका बाजूला मांजरकुळात तीनच दात, कुत्रा, कोल्हा, लांडगा, खोकड यांच्यात सात.

दात गळले असतील तर भोकं मोजावी लागतात आणि इथे हमखास चूक होते. एक भोक म्हणजे एक दात नव्हे. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात सुळ्यामागे एका बाजूला सहा दात असतात. त्यातल्या पहिल्याला एक मूळ, पुढच्या दोघांना दोन-दोन आणि शेवटच्या तिघांना तीन-तीन. म्हणजे भोकं चौदा. ज्याने चौदा दात मोजलेत त्याला कुठलाच प्राणी जुळत नाही, आणि मग तो बिनधास्त 'दुर्मीळ' म्हणून मोकळा होतो.

एक नमुना बघू. जुन्नरकडच्या एखाद्या तोडलेल्या फडातून फोटो आलाय असं धरा. शेजारी एटीएम कार्ड ठेवलंय. कार्ड साडेआठ सेंटीमीटरचं, कवटी दोन कार्डांहून थोडी जास्त, म्हणजे अठराच्या आसपास. पटाशीचे दात गेलेले, डावा सुळा शाबूत. एवढ्यावर बिबट्या आणि कुत्रा दोघेही रिंगणात. मात्र टाळूच्या फोटोत मोठ्या दाढेमागे दोन रुंद दाढांच्या जागा दिसतात, प्रत्येकी तीन भोकं. बिबट्या बाद. उरला कुत्रा, लांडगा किंवा कोल्हा. कोल्ह्याला अठरा जरा जास्तच, आणि नाकाडावरून कपाळ पायरीसारखं एकदम वर चढलंय, तेव्हा बहुधा कुत्रा. कुत्र्या-कोल्ह्यातला निवाडा मात्र फोटोवर छातीठोकपणे करू नये. गावठी कुत्र्यांच्या डोक्यांची ठेवण फार बदलते.

या हिशेबाला खरा दगा देतं ते पिल्लू. दुधाच्या दातांच्या वयात मागच्या दाढा अजून आलेल्याच नसतात. कुत्र्याच्या पिल्लाला आणि बिबट्याच्या बछड्याला वर सुळ्यामागे तीन-तीनच दात, शिवाय दोघांचंही तोंड आखूड. सुळे सुईसारखे बारीक असतील आणि कवटीच्या हाडांमधले सांधे उघडे, नागमोडी दिसत असतील तर मोजणी तिथेच थांबवा. अशी कवटी प्रत्यक्ष हाताळणाऱ्यानेच बघायला हवी.

फोटो काढताना मोबाइल कवटीला चिकटवू नका. जवळून काढलं की पुढचं नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. मीटरभर लांब उभं राहा आणि झूम करा. कार्ड किंवा पट्टी जमिनीवर नको. दातांच्या पातळीला येईल अशी दगडावर टेकवून ठेवा, नाहीतर माप चुकतं. वरून, टाळूकडून, बाजूने आणि समोरून असे चार फोटो हवेत, जबडा असेल तर त्याचा पाचवा. पाठवणारे नेमका टाळूचाच विसरतात आणि सुळ्यांचे सहा पाठवतात.

कवटीला उघडा हात लावू नका आणि ती घरीही नेऊ नका. मोठ्या दाढेमागे जागा रिकामी दिसली आणि कवटी दोन कार्डांएवढी असली, तर ती आहे तिथेच राहू द्या. रानमांजराची कवटी दीड कार्डाच्या आसपासच थांबते, त्यामुळे एवढी मोठी म्हणजे बिबट्याच धरायचा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे त्याचं हाड जवळ बाळगणंही गुन्हा आहे. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा, आणि दात किंवा नख 'आठवण' म्हणून काढून घेणाऱ्या पोरांना आधी लांब करा.