चौघांना सीसी करून आलेला मेल

गुरुवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी ६:४२ ला मेल आला. मी पर्स खांद्याला लावून निघालेच होते. मार्केटिंगच्या वरिष्ठांचा, टीसीसाठी, म्हणजे कास्टिंगच्या टेस्ट सर्टिफिकेटसाठी, जे मी सही करून देते. 'नमस्कार' नाही, खाली नाव नाही. जसा आला तसा उतरवून ठेवते:

"टीसी अजून नाही. तीनदा सांगितलं. कामात लक्ष नाही का? उद्या सकाळी ९ ला पाहिजे. कारणं नकोत."

सीसीमध्ये चौघं: प्लांट हेड, डिस्पॅच, स्टोअर आणि दोन महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली आलेली ट्रेनी मुलगी. बाकी तिघांचं एवढं वाटलं नाही. त्या पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन स्क्रीनकडे मान वळवली, ते लागलं.

शिरोलीहून निघाल्यापासून डोक्यात उत्तरं तयार होत होती. तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला थांबले तेव्हा ओठसुद्धा हलत असणार, कारण शेजारच्या गाडीवरची बाई बघत होती. घरी आल्यावर आई म्हणाली, "काय झालंय गं? तोंड का असं?" मी म्हटलं, "काय नाही, एक मेल लिहितो आणि जेवतो." (घरी मी 'लिहितो, जेवतो'च म्हणते, कोल्हापुरातल्या बायकांसारखं. ऑफिसात 'पाठवते'.)

लॅपटॉप उघडून आधी 'टू'मधला पत्ता पुसून टाकला. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, आणि माझा राग ३० सेकंदांत उतरत नाही. पत्ता नसला की चुकून बोट पडलं तरी मेल जात नाही.

पहिलं उत्तर असं झालं: "आपण तीनदा नव्हे, एकदाच मेल केला होता, सोमवारी. टेस्टचा बार लॅबला गेलाय हे मी मंगळवारी कळवलंच होतं. आपण मेल वाचले असते तर हा प्रश्नच आला नसता."

यात एकही शब्द खोटा नाही. तरी दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज मलाच ऐकू आला, आणि तो 'च'मधून येत होता. 'कळवलं होतं' ही माहिती आहे. 'कळवलंच होतं' म्हणजे बोट दाखवणं. 'आपण'चंही तसंच. रोज मी त्यांना 'तुम्ही' लिहिते, 'सर, तुम्ही ड्रॉइंग पाठवलं का' असं. आज अचानक 'आपण' लिहिलं तर तो आदर होत नाही, तो टोमणा होतो, आणि मराठी माणसाला तो लगेच कळतो. 'खरं तर', 'आपल्या माहितीसाठी', 'पुन्हा एकदा सांगते' हेही त्याच जातीचं. सगळं पुसलं.

मग दुसऱ्या टोकाला गेले. दुसरं उत्तर: "क्षमस्व सर. माझ्याकडून चूक झाली. कृपया समजून घ्यावे. लवकरात लवकर पाठवण्याचा प्रयत्न करते. पुन्हा असे होणार नाही. क्षमस्व."

हे लिहून थोडा वेळ बरं वाटलं, वाद मिटल्यासारखं. पण नीट बघितल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक, सहा वाक्यांत दोनदा क्षमा, आणि ती नेमकी कशाची ते कुठंच नाही. म्हणजे 'कामात लक्ष नाही' हे मी चौघांसमोर सही करून मान्य केलं. दुसरी गोष्ट जास्त वाईट: टीसी कधी मिळणार, हे यात नाहीच. 'लवकरात लवकर' म्हणजे किती वाजता? 'प्रयत्न करते' म्हणजे होईल की नाही? उद्या ९ ला त्यांचा परत मेल आला असता, आणि तेव्हा तो रास्त असता.

मग बाबांची आठवण झाली. बाबा तहसीलमध्ये कारकून होते. टेबलावर कसलंही तापट पत्र आलं की त्यातल्या कुठल्या ओळीला उत्तर द्यायचं त्यावर ते पेन्सिलनं खूण करायचे. उत्तराला विषय, संदर्भ, दिनांक, मग मजकूर. मला ती 'उपरोक्त विषयास अनुसरून' भाषा नको होती, खुणा तेवढ्या घेतल्या. वहीत मेलची पाचही वाक्यं लिहिली.

'टीसी अजून नाही' ही वस्तुस्थिती आहे, तिला उत्तर हवं. '९ ला पाहिजे' ही मागणी आहे, तिला उत्तर हवं. 'कारणं नकोत' हे मी असं वाचलं की लांबण नको, पण स्थिती सांगावी लागेल. 'तीनदा सांगितलं' हे चूक आहे, पण ते खोडून टीसी एक तासही लवकर येत नाही, म्हणून सोडलं. आणि 'कामात लक्ष नाही का?' याच्यापुढं प्रश्नचिन्ह असलं तरी तो प्रश्न नाही. 'लक्ष आहे' म्हटलं तरी ती बाजू मांडणं होतं, गप्प बसलं तर मेलमध्ये काही कमी पडत नाही. त्यावर खूण केली नाही.

आता स्थिती. एसजी ५००/७ ग्रेडच्या लोखंडाचं कास्टिंग. या ग्रेडला टेस्टचा बार ओढल्यावर तुटण्याआधी किमान ७ टक्के ताणला गेला पाहिजे. बाकीच्या टेस्ट मंगळवारी आमच्याकडे झाल्या: हार्डनेस, मायक्रो, केमिकल, सगळं बसलं. टेन्साइलचा बार बाहेरच्या लॅबला गेला, आणि बुधवारी संध्याकाळी लॅबचा फोन आला की ताण ६.१ टक्केच आला. तुटलेल्या तोंडावर स्लॅगचा, म्हणजे धातूतल्या मळीचा ठिपका होता, म्हणजे दोष त्या बारचा असण्याची शक्यता. त्याच हीटचे, म्हणजे एकाच वेळी वितळवलेल्या धातूचे, राखून ठेवलेले दोन बार आज सकाळी पुन्हा टेस्टला पाठवले. त्यांचा निकाल उद्या दुपारी. तो आल्याशिवाय मी टीसीवर सही करणार नाही.

इथं माझीही एक चूक सापडली, आणि ती सापडल्यावर राग बराच उतरला. बुधवारचा निकाल मी त्यांना कळवला नाही. वाटलं, रिटेस्ट होऊ दे, मग एकदमच सांगू. तिकडं ते ग्राहकाला 'आज पाठवतो' सांगून बसले असणार. क्षमा मागायची ती एवढ्याची, एकदाच, आणि कशाची ते लिहून.

पाठवला तो मेल:

"नमस्कार सर,
टीसी अजून झालेली नाही. पहिल्या टेन्साइल बारचा ताण ६.१ टक्के आला (हवा किमान ७), म्हणून त्याच हीटचे दोन बार आज सकाळी परत टेस्टला पाठवले आहेत. निकाल उद्या दुपारी १२ पर्यंत येईल. निकाल बसला तर सही केलेली टीसी १ वाजेपर्यंत पाठवते. नाही बसला तर त्याच वेळी फोन करते, लॉट थांबवावा लागेल.
सकाळी ९ ला पूर्ण टीसी देता येणार नाही. हार्डनेस, मायक्रो आणि केमिकलचे रिपोर्ट सोबत जोडले आहेत. तोवर ग्राहकाला एवढे चालतील का, हे तुम्ही विचारून सांगाल का?
बुधवारचा निकाल तेव्हाच कळवायला हवा होता, तो राहिला, त्याबद्दल माफ करा."

खाली नाव.

'नमस्कार सर' मुद्दाम ठेवलं, कारण रोज तेच लिहिते. त्यांनी घातलं नाही म्हणून मी काढलं असतं तर तेही उत्तरच झालं असतं, आणि 'आदरणीय' केलं असतं तर दुसऱ्या बाजूचं. सगळ्यात जास्त वेळ 'देता येणार नाही' या वाक्याला लागला. आधी 'जरा अवघड वाटतंय' असं लिहिलं होतं. पण 'अवघड' वाचणारा 'होईल' असं धरून चालतो. नाही म्हणायचं ते सरळ, आणि लगेच शेजारी आत्ता काय देता येईल ते. ग्राहकाला विचारायचं काम त्यांचं आहे, ते त्यांच्याकडेच दिलं. 'रिपोर्ट पाठवला जाईल' असं न लिहिता 'पाठवते' लिहिलं, म्हणजे कोण पाठवणार हे कुणाला विचारावं लागत नाही.

सीसीचा विचार बराच केला. फक्त त्यांना पाठवला तर चौघांच्या मनात 'लक्ष नाही' एवढंच राहतं, आणि डिस्पॅचला लॉट थांबू शकतो हे कळायलाही हवं. म्हणून उत्तर सगळ्यांना. पण भाषेबद्दल त्यात अक्षर नाही. ते चौघांसमोर काढलं असतं तर त्यांनी माझ्याशी केलं तेच मी त्यांच्याशी केलं असतं. ते समोर बसून बोलायचं.

आईनं दोनदा हाक मारली. जेवण करून परत एकदा मोठ्यानं वाचला, 'च' कुठं उरला नाही ना बघितलं, मग पत्ता घातला. ९:५०.

शुक्रवार, रात्री

सकाळी ८:१५ ला त्यांचं उत्तर आलं होतं: "ठीक. ग्राहकाशी बोललो, १ पर्यंत चालेल." सीसी तेच चौघं.

दोन्ही बार बसले, ८.४ आणि ८.९. टीसी १२:४० ला गेली.

तीन वाजता त्यांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं आणि उभ्यानंच बोलले, पाठ करून गेले होते तेवढंच: "सर, उशीर झाल्यावर विचारणं बरोबर आहे. पण 'कामात लक्ष नाही' हे सगळ्यांसमोर लिहिलंत, ते मला पटलं नाही. माझ्या हाताखालची मुलगी त्यात होती. असं काही वाटलं तर मला आधी फोन करा."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ग्राहक डोक्यावर बसला होता." मी म्हटलं, "हो, ते आता कळलं. बुधवारी मीही कळवायला हवं होतं." ते म्हणाले, "बरं. फोन करत जाईन." माफी मागितली नाही, मी मागायला गेलेही नव्हते.

हे एका तापलेल्या संध्याकाळचं झालं. हेच दर आठवड्याला झालं असतं, किंवा मेल माझ्या बाईपणावर, जातीवर घसरला असता, तर असं उत्तर लिहीत बसले नसते. मेल जपून ठेवून सरळ वर गेले असते.

संध्याकाळी निघताना ट्रेनी मुलगी जवळ आली. "ताई, तुमचा कालचा मेल मी सेव्ह करून ठेवला तर चालेल?" मी म्हटलं ठेव. आणि मग तिला माझा पहिला मसुदाही दाखवला, सगळ्या 'च'सकट.