पंचवीस चौकोन आणि एक राहिलेला नियम

अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचं जागरण इंदूरच्या मुलांच्या डोळ्यांत दोन दिवस तरी असतं. तरी शाळेच्या मैदानावरच्या वनस्पती मुलांकडून मोजून घ्यायला मी तोच आठवडा धरला, कारण पाऊस ओसरत आलेला असतो, मैदानावर गवत भरपूर असतं आणि आमची काळी माती पायाला चिकटायची थांबलेली असते. वर्ग सातवी, मुलं छत्तीस, वेळ सकाळचे दोन तास.

आदल्या संध्याकाळी मैदान फिरून आले होते, तरी त्या दिवशी सकाळी पुन्हा फिरले, हे बरं झालं. पाण्याच्या टाकीजवळ शिपाई मामांनी हात आडवा धरला. "मॅडम, इधर मत लाना, ततैया है." टाकीच्या कठड्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं लोंबत होतं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात मला ते दिसलंच नव्हतं. तो कोपरा दोरी बांधून बंद केला. कुंपणालगत गाजर गवत माजलं होतं, तिथेही दोरी. त्याच्या संपर्काने काहींच्या कातडीवर पुरळ येतो आणि कुणाच्या येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून नियम सरळ: काहीही उपटायचं नाही, दगड किंवा बीळ दिसलं तर हात घालायचा नाही, पायात बूट, आणि परतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

तिघा-तिघांचे बारा गट केले. एक मोजणार, एक लिहिणार आणि तिसऱ्याचं काम फक्त आजूबाजूला लक्ष ठेवणं. हे तिसरं काम मुलांना कमीपणाचं वाटतं, म्हणून दर दहा मिनिटांनी कामं फिरवली.

चौकटी घरीच केल्या होत्या. वायरिंगच्या पाइपचे अर्ध्या मीटरचे चार तुकडे, चार कोपरे, आणि दर दहा सेंटिमीटरवर आडवी-उभी सुतळी. आत पंचवीस चौकोन होतात, म्हणजे एक चौकोन चार टक्के. हरळीसारखं गवत 'किती रोपं' असं मोजताच येत नाही. त्याच्या आडव्या धावत्या फांद्या पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतात, एक रोप कुठे संपतं हे कोण सांगणार? म्हणून किती जागा व्यापली ते मोजायचं. चौकट कुठे ठेवायची तेही मुलांच्या हाती ठेवलं नाही, नाहीतर ती फुलांपाशीच ठेवतात. चिठ्ठ्या काढून पावलं ठरवली: इतकी सरळ, इतकी उजवीकडे.

निरीक्षणपत्रात 'वनस्पतीचं नाव' हा रकाना ठेवला नव्हता. मागच्या वर्षी ठेवला होता, तेव्हा अर्ध्या मुलांनी 'घास' लिहून कागद परत दिला. या वेळी अ, ब, क अशी अक्षरं आणि शेजारी पानाचं चित्र. नाव वर्गात शोधू. मला वाटलं, पत्रक आता पक्कं झालं.

सहाच चौकटी असल्याने प्रत्येक जागी दोन गट पाळीपाळीने मोजत होते. क्रिकेटच्या पिचशेजारी चौकट न हलवता दोन गटांनी हरळी मोजली. एकाचं उत्तर ६० टक्के, दुसऱ्याचं ८४. लगेच भांडण. "तुम्ही चोरी केलीत" इथपर्यंत गेलं. मी गुडघ्यावर बसून दोन्ही गटांना एकेक चौकोन बोट ठेवून दाखवायला लावला. पहिल्या गटाने पूर्ण हिरवेच चौकोन धरले होते, पंधरा. दुसऱ्याने एक पातं दिसलं तरी चौकोन धरला, एकवीस. चूक कुणाचीच नव्हती. अर्धवट भरलेल्या चौकोनाचं काय करायचं, हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं. शिवाय बाहेर मूळ असलेलं एक झुडूप आत वाकलं होतं, तेही एकाने धरलं, एकाने सोडलं.

शिट्टी वाजवून सगळ्यांना कडुनिंबाखाली बोलावलं आणि तिथेच दोन ओळी प्रत्येकाच्या पत्रकावर लिहून घेतल्या. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरायचा, कमी असेल तर सोडायचा. मूळ चौकटीच्या आत असेल तरच ती वनस्पती आपली.

पुन्हा मोजलं. सतरा आणि अठरा चौकोन, म्हणजे ६८ आणि ७२. इतका फरक राहणारच, 'अर्ध्याहून जास्त' हा शेवटी नजरेचा अंदाज आहे, आणि एका चौकटीवरून अख्ख्या मैदानाबद्दल काही बोलता येत नाही हेही तेव्हाच सांगून टाकलं.

"मग मॅडम, आधीचा कागद फाडून टाकू?" ६० टक्केवाल्याने विचारलं. मी तो त्याच्याकडून घेतला, नव्याला टाचला आणि दोन्ही फाइलमध्ये लावले. पुढच्या वर्षीचं पत्रक मी त्याच दोन कागदांवरून करणार आहे.