अर्धी वाटी म्हणजे नक्की किती?

लेकीला सहा महिने पूर्ण झाले आणि उष्टावणानंतर वरचं अन्न सुरू केलं. अंगणवाडीताईंनी सांगितलेलं प्रमाण सोपं होतं: सुरुवातीला एका वेळी दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. मग हळूहळू वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत न्यायचं. पण कोणता चमचा, कोणती वाटी? आमच्या घरात चहाचे, पोह्यांचे, वाढायचे असे सगळ्या मापांचे चमचे आहेत.

म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. वाटी ठेवून काटा शून्यावर आणला आणि पाणी भरलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे माप लगेच कळतं. आमची आमटीची वाटी दीडशेची निघाली. अंगणवाडीताईंच्या तक्त्यातली वाटी मात्र अडीचशेची असते, म्हणजे तिथली 'अर्धी वाटी' सव्वाशे मिलिलिटर. आमची वाटी जवळजवळ भरूनच तेवढं होतं! मोठा चमचा पंधराचा आणि चहाचा पाचचा, हेही तसंच मोजून घेतलं.

त्याहून मोठा प्रश्न दाटपणाचा होता. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पातळच दे, घशात बसेल." मी २० ग्रॅम तांदूळ आणि १० ग्रॅम मूगडाळ घेतली, खिचडी मऊ शिजवून घोटली आणि वरून चहाचा एक चमचा तूप घातलं. एवढ्यात साधारण १४५ कॅलरी येतात. खिचडी आटवून १८० ग्रॅम ठेवली, तर ग्रॅमला ०.८ कॅलरी पडते. त्यातच पाणी घालून ३६० ग्रॅम केली, तर निम्मीच. या वयात पोट लहान असतं, त्यामुळे पातळ पेजेने ते भरतं पण पोषण पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय दिवसाला सुमारे २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. हा हिशोब दाखवला तेव्हा त्यांनाही पटलं. दाटपणा ओळखायची खूण त्यांनीच शोधली: चमचा तिरका केला की खिचडी ओघळायला नको, गोळ्याने पडायला हवी. गुठळी मात्र एकही नको.

सातव्या महिन्यात ती एका वेळी तीन-चार मोठे चमचे, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम खायची. आधी वाटीसकट वजन, मग उरलेल्याचं. लाळेऱ्यावर सांडलेलं अंदाजाने वजा. दात येताना दोन चमच्यांवरच तोंड फिरवायची, तेव्हा मी वाटी बाजूला ठेवायचे. आकडा गाठायला चमचा तोंडात कोंबायचा नाही, हे पक्कं ठरवलं होतं. त्या दिवसांत दूध जास्त पाजायचे आणि दर महिन्याला वजनाचा आलेख वर जातोय ना, ते पाहायचे. मीठ, साखर आणि मध वर्षभर दिलं नाही.

नवव्या महिन्यापर्यंत सव्वाशे ग्रॅम सहज जाऊ लागलं. मग घोटणं बंद केलं आणि खिचडी नुसती बोटाने चेचून द्यायला लागले.