दर शब्दाला, पण कुठल्या भाषेतल्या?

बुधवार, रात्री

दिल्लीच्या प्रकाशनगृहातून संपादकबाईंची मेल आली. मराठी कादंबरीच्या माझ्या इंग्रजी अनुवादाची नमुन्याची पानं आवडली म्हणाल्या. शेवटी एवढंच, ‘शब्दामागे दीड रुपया, चालेल ना?’ आई म्हणाली, हो म्हणून टाक. पण शब्द मराठी धरायचे की इंग्रजी, ते मेलमध्ये नव्हतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटून बसतात. इंग्रजीत त्यांचे सुटे शब्द होतात, वर ‘अ’ आणि ‘द’ आहेतच. माझ्या नमुन्यात मराठीचे ३,००० शब्द होते, इंग्रजीत ते ४,१०० झाले. कादंबरीची फाइल जुन्या फॉन्टमधली, वर्डमध्ये टाकली की नुसता कचरा दिसतो. म्हणून मधली दहा भरलेली पानं हाताने मोजली. सरासरी २५० शब्द, पानं २००, म्हणजे साधारण ५०,०००. मराठी शब्दांवर दीड रुपयाने ७५,००० होतात. इंग्रजी धरले तर सुमारे ६८,००० शब्द, म्हणजे लाखाच्या वर. काम तेच, फरक सत्तावीस हजारांचा!

तरीही इंग्रजी शब्दांवर अडून बसणार नाही. तो आकडा काम संपल्यावरच कळतो, आणि संपादनात दोन प्रकरणं छाटली तर कुठली प्रत मोजायची यावरून वाद. शिवाय वाक्य आटोपशीर केलं की आपलेच पैसे कमी होतात, हा विचार टेबलावर बसलेला मला नको. मूळ मजकूर आधीच मोजून ठेवता येतो. म्हणून मराठी शब्दाला दोन रुपये मागितले. लाख रुपये, तीन हप्त्यांत: करारावर सही झाल्यावर, पूर्ण मसुदा दिल्यावर आणि शेवटचा मसुदा त्यांनी स्वीकारल्यावर. ‘प्रकाशनानंतर’ हा शब्द मुद्दाम टाळला, कारण पुस्तक कधी निघेल ते आपल्या हातात नसतं. रॉयल्टीत थोडा वाटा आणि मुखपृष्ठावर नाव, हेही लिहिलं. रॉयल्टी मिळेल असं वाटत नाही, पण नावावरून मागे हटणार नाही.

नमुन्यात पहिलं प्रकरण दिलंच नव्हतं. बाजारातल्या भांडणाची आठ पानं आणि विहिरीच्या वर्णनाची चार दिली. वर्णन कुणीही तारून नेतं, बोली संवादात अनुवादक उघडा पडतो. संपादकबाईंनी नेमकं भांडणाबद्दलच विचारलं, शिव्या सौम्य का केल्या म्हणून. दोन ठिकाणी त्यांचं बरोबर होतं, तिथे बदल केले.

लेखक हयात नाहीत, जाऊन साठ वर्षंही झालेली नाहीत, म्हणजे अनुवादाचा हक्क वारसांकडे. धाकट्या मुलाची लेखी संमती आहे, त्याच्या मोठ्या बहिणीची फक्त फोनवर. संपादकबाईंना तसं स्पष्ट कळवलं. उद्या ताईंना संमतीपत्राचा मसुदा पाठवायचा, शक्यतो मराठीतच, म्हणजे वकिलाला दाखवण्यात महिना जाणार नाही.