ब्लोअर हिरव्या पट्ट्यातच होता

आमच्या कारखान्यात चालू यंत्र थांबवायचे असल्यास एक छापील अर्ज भरावा लागतो. त्या अर्जात कंपनासाठी एकच रकाना आहे: ‘एकूण कंपन, मि.मी. प्रति सेकंद’. गेल्या पावसाळ्यात या एका रकान्यापायी माझे २३ दिवस गेले, आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

मी कोल्हापूरजवळच्या एका कास्टिंग कारखान्यात देखभाल विभागात आहे. सँड प्लांटमधील धूळ ओढून घेणाऱ्या ब्लोअरची मोटर ३७ किलोवॉटची, मिनिटाला १४८० फेरे घेणारी. कपलिंगच्या बाजूला ६३१३ क्रमांकाचे बेअरिंग. हा ब्लोअर बंद पडला की सँड प्लांट थांबतो आणि मोल्डिंगही थांबते. म्हणून कंपन मोजणारे पहिले सेन्सर आम्ही इथेच बसवले. ते काम दोन दिवसांत झाले आणि चार महिने सर्व काही शांत होते.

मग एका सकाळी बेअरिंगमधल्या बारीक ठोक्यांचा जोर दाखवणारा ‘एन्व्हलप’चा आकडा ०.३ वरून ०.९ g वर गेलेला दिसला आणि पुढच्या आठवड्यात तो १.६ झाला. मी अर्ज भरला. कंपनाच्या रकान्यात सेन्सरने दिलेला आकडा प्रामाणिकपणे लिहिला: १.९. आयएसओ १०८१६-३ या, आता २०८१६-३ झालेल्या, मानकानुसार भक्कम पायावरच्या अशा मध्यम आकाराच्या यंत्राला २.८ पर्यंत बिनदिक्कत चालू ठेवता येते आणि ४.५ च्या पुढे धोका समजतात. उत्पादन विभागाच्या साहेबांनी या मर्यादा रंगीत पट्ट्यांत दाखवणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवले. “अहो, हिरव्यात आहे की! हिरव्यातले यंत्र बंद करून मी वर काय सांगू?” अर्ज परत आला.

त्यांचे म्हणणे तक्त्यानुसार बरोबर होते, आणि चीड आणणारी गोष्ट नेमकी तीच होती. तो तक्ता असंतुलन, अलाइनमेंट बिघडणे, पाया सैल होणे अशा दोषांसाठी उत्तम आहे. कारण त्या दोषांत संपूर्ण यंत्र फेऱ्यांच्या गतीने किंवा तिच्या दोन-तीन पटीने हलते. बेअरिंगच्या कड्यावर नुकताच पडलेला खड्डा मात्र यंत्र हलवत नाही, तो फक्त धातूला टिचकी मारतो. त्या टिचकीने धातू सेकंदाला काही हजार वेळा थरथरतो. आता १ g त्वरणाचे कंपन सेकंदाला २५ वेळा होत असेल, तर त्याचा कमाल वेग सुमारे ६२ मि.मी. प्रति सेकंद भरतो. तेच कंपन ३००० वेळा होत असेल, तर वेग जेमतेम अर्धा मिलिमीटर. शिवाय आमच्या सेन्सरचा हा एकूण आकडा मानकाप्रमाणे सेकंदाला १० ते १००० कंपनांपुरताच काढलेला असतो, म्हणजे टिचकीची थरथर त्यात जवळजवळ धरलेलीच नसते. बेअरिंग खराब होत असतानाही रकान्यातला १.९ हा आकडा १.९ च राहणार होता.

एन्व्हलपमध्ये नेमके काय पाहतात, हे साहेबांना मी देवळातल्या घंटेवरून समजावले. घंटेचा नाद कसा आहे हे सोडून द्यायचे आणि टोल किती वेळा पडतो तेवढेच मोजायचे. ६३१३ मध्ये आठ गोळ्या असतात, आणि त्यांच्या मापांवरून हिशेब केला की मोटरच्या एका फेऱ्यात बाहेरच्या कड्यावरील एका खड्ड्यावरून ३.०७ गोळ्या जातात. मोटर सेकंदाला २४.६७ फेरे घेते. म्हणजे सेकंदाला साधारण ७५.७ टोल. सेकंदाला किती टोल पडतात ते दाखवणाऱ्या आलेखात उंच टोक तिथेच कुठेतरी होते.

हे ‘कुठेतरी’ मला भोवले. आमच्या फिटर मामांनी आलेख पाहून म्हटले, “ही तर तिप्पट गती आहे, फाउंडेशनचे बोल्ट ढिले असणार.” मोटरच्या फेऱ्यांच्या तिप्पट म्हणजे सेकंदाला ७४. बॅटरी वाचवण्यासाठी सेन्सरची नोंद ०.४ सेकंदाची ठेवलेली होती, आणि एवढ्या लहान नोंदीत २.५ पेक्षा जवळचे दोन आकडे वेगळे दिसूच शकत नाहीत. बोल्ट तपासण्यात दोन दिवस गेले. सर्व घट्ट निघाले. नोंद चार सेकंदांची केल्यावर टोक ७४ वर नसून ७५.७ वर आहे हे स्वच्छ दिसले. ज्यांना नोंद लांबवता येत नाही त्यांनी टोकाची तिसरी पट पाहावी: २२२ आणि २२७.१ यांतील फरक छोट्या नोंदीतही कळतो. हे मला नंतर सुचले.

दुसरा अर्ज मी आलेख जोडून दिला. तो पुढे सरकण्याआधीच रात्रपाळीत कोणीतरी काळजीने बेअरिंगला ग्रीस भरले आणि सकाळी एन्व्हलपचा आकडा १.६ वरून ०.७ वर आलेला होता. अर्जावर शेरा आला: ‘समस्या दूर झाली आहे.’ ताज्या ग्रीसने टोलाचा आवाज दबतो, खड्डा बुजत नाही, हे मी तीन जणांना तीन वेळा सांगितले. पाचव्या दिवशी आकडा १.८ झाला. तेव्हापासून ग्रीस कधी भरले याची तारीख आलेखावरच लिहून ठेवण्याची मी सक्ती केली आहे. ती नसेल तर असा उतार पाहून कोणीही फसेल.

अर्जात आणखी एक रकाना होता: ‘यंत्र किती दिवस चालेल?’ पहिल्या अर्जात मी रागाच्या भरात ‘तीन आठवडे’ असे ठोकून दिले होते. ती माझी चूक होती. आकडा वाढतो आहे एवढेच सेन्सर सांगतो; दिवस मोजून देणे त्याच्या आवाक्यातले नाही. आणि बावीस दिवस झाले तरी ब्लोअर फिरतच होता, त्यामुळे माझ्याच आकड्याने माझी बाजू लंगडी केली. तिसऱ्या अर्जात मी लिहिले, ‘दिवस सांगता येत नाहीत, आज थांबवल्यास चार तास, अडकल्यास शाफ्टसह दुरुस्ती.’ यावर सही झाली आणि दुसऱ्याच दिवशी, साप्ताहिक सुट्टीला, मोटर उघडली.

बाहेरच्या कड्याच्या खालच्या बाजूला, जिथे भार येतो तिथे, करंगळीच्या नखाएवढा पापुद्रा उडालेला होता. गोळ्यांचा पिंजरा आणि शाफ्ट शाबूत होते. नवे बेअरिंग बसवल्यावर आकडा ०.३ वर आला. ते कडे मी कापून घेतले आणि साहेबांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवले. त्यांनी ते हलवलेले नाही, हे मी अधूनमधून जाऊन पाहतो.

सांगायचे राहिले: सेन्सर चुंबकाने लावणार असाल तर खालचा रंग आधी खरवडून जागा सपाट करा आणि तो मोटरच्या थंडाव्याच्या फिन्सवर किंवा मागच्या पत्र्याच्या झाकणावर कधीही लावू नका. पहिल्या आठवड्यात आम्ही तेच केले होते आणि पत्र्याचीच थरथर मोजत बसलो होतो. टोलासारखी बारीक थरथर टिपायची असेल, तर स्क्रूने पक्का बसवलेला सेन्सरच बरा.

अर्जात कंपनासाठी दुसरा रकाना वाढवावा, असे पत्र मी दिलेले आहे. उत्तर आलेले नाही. तोवर एन्व्हलपचा आकडा मी समासात लाल पेनाने लिहितो.